नवा व्हिडिओ टाकला की जुन्याचे सर्चमधले व्ह्यूज का पडतात? नऊवारीच्या एका चॅनलवर सापडलेलं कारण

माझी मावशी गिरगावात राहते आणि साडी नेसायला शिकवते. तिच्या यूट्यूब चॅनलचं एडिटिंग आणि अपलोडिंग मी करतो. चॅनल मोठं नाही, पण येणाऱ्यांपैकी बहुतेक सर्चमधूनच येतात. सणाच्या आधीच्या रात्री कोणीतरी साडी हातात घेऊन ‘नऊवारी कशी नेसायची’ असं टाइप करतं आणि मावशीपर्यंत पोचतं. म्हणूनच सर्चमधले व्ह्यूज पडायला लागले तेव्हा आम्हाला फार लागलं.

पडण्याची तऱ्हा दरवेळी एकच. गुढीपाडव्याआधी किंवा गौरी-गणपतीआधी आम्ही नऊवारीचा नवा व्हिडिओ टाकायचो. पहिले दहा-बारा दिवस तो छान चालायचा, मग बसायचा. त्याच सुमारास 2022 चा जुना, भरवशाचा व्हिडिओही खाली यायचा आणि पुन्हा पूर्वीच्या जागी चढायचा नाही. पुढच्या सणाला आम्ही आणखी एक टाकायचो, आणि पुन्हा तेच. मावशी म्हणाली, “अरे, लोकांना आता नऊवारी नकोय का? शोभायात्रेत तर दरवर्षी मुली वाढतायत.” तिचं बरोबर होतं. मागणी कमी झाली नव्हती. आमचेच तीन व्हिडिओ एका शोधासाठी रांगेत उभे होते आणि एकमेकांना मागे ढकलत होते.

तुमच्या चॅनलवरही असंच होतंय का, ते कसं ओळखायचं आणि काय करायचं, हे मावशीच्या चॅनलचा हिशोब समोर ठेवून सांगतो. आकडे एका लहान चॅनलचे आहेत. त्यातले कमी-जास्त सोडून पद्धत तेवढी घ्या.

आधी एक गैरसमज

दोन व्हिडिओंमध्ये सारखे शब्द असले की यूट्यूब शिक्षा करतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. अशी वेगळी शिक्षा नाही. सर्चमध्ये यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ स्वतंत्र जोखतं. टायटल, डिस्क्रिप्शन आणि व्हिडिओतला मजकूर त्या शोधाला किती जुळतो, आणि तो शोध करून आलेले लोक त्या व्हिडिओत किती थांबतात, हे त्यात मुख्य असतं. तुमचे दोन व्हिडिओ पहिल्या आणि दुसऱ्या जागी येत असतील तर तो फायदाच आहे, त्याला हात लावू नका.

त्रास कधी होतो? दोन व्हिडिओ एकाच गरजेला उत्तर देतात, पण त्यातला एक ती गरज नीट भागवत नाही, तेव्हा. सर्चमधून आलेला माणूस त्या कच्च्या व्हिडिओवर पडतो, अर्ध्या मिनिटात बाहेर जातो आणि दुसऱ्याच कोणाचा व्हिडिओ उघडतो. तुमच्या चांगल्या व्हिडिओपर्यंत तो पोचतच नाही. चांगल्या व्हिडिओला मिळू शकले असते ते मिनिटं, त्या कमेंट, ते शेअर दोन-तीन ठिकाणी विखुरतात, आणि कुठल्याही एकाचं पारडं जड होत नाही.

म्हणून ‘शब्द सारखे आहेत का’ हा पहिला प्रश्न नाही. गरज एकच आहे का, आणि सगळ्यांची मिळून बेरीज घटली आहे का, हे दोन प्रश्न आहेत.

सर्चचे शब्द बाहेर काढणं

यूट्यूब स्टुडिओमध्ये एकेक व्हिडिओ उघडा, त्याच्या `Analytics` मध्ये जा, तिथून `Advanced mode`, मग `Traffic source`, आणि त्या यादीत `YouTube search` वर क्लिक करा. लोकांनी नेमकं काय टाइप केलं होतं ते एकेका ओळीत दिसतं. वरच्या कोपऱ्यातल्या डाउनलोडच्या खुणेवरून ही यादी गुगल शीटमध्ये काढता येते. थोड्यांदा शोधलेले शब्द या यादीत येत नाहीत, त्यामुळे ओळींची बेरीज एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. त्याने घाबरू नका.

आम्ही नऊवारीशी संबंधित सहा व्हिडिओ निवडले आणि त्यांच्या याद्या एका शीटमध्ये एकाखाली एक चिकटवल्या. पहिल्या कॉलममध्ये व्हिडिओचं छोटं नाव, दुसऱ्यात शोधाचे शब्द, चौथ्यात व्ह्यूज. तिसरा कॉलम रिकामा ठेवला, कारण खरं काम तिथेच होतं.

मराठी चॅनलची अडचण अशी, की एकच शोध दहा तऱ्हांनी लिहिला जातो. आमच्या यादीत हे सगळं होतं: ‘नऊवारी साडी कशी नेसायची’, ‘नववारी साडी नेसणे’, ‘नौवारी’, `nauvari saree kashi nesaychi`, `navari sadi`, `nauwari saree draping`, `how to wear nauvari saree`. कुठल्याही टूलला हे वेगवेगळे कीवर्ड वाटतात. मलाही वर्षभर तसंच वाटत होतं. 2022 च्या व्हिडिओला देवनागरीतले शोध जास्त येत होते आणि 2024 च्या व्हिडिओला रोमन लिपीतले. त्यामुळे दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या तरी भांडण दिसत नव्हतं. लिपी बदलली म्हणून माणसाची गरज बदलत नाही, हे ध्यानात आल्यावर चित्र उलगडलं.

तिसऱ्या कॉलममध्ये मी प्रत्येक ओळीसमोर गरज लिहिली. मशीनवर सोडलं नाही, मावशीला शेजारी बसवलं. कारण हे शब्द टाइप करणारी बाई त्या क्षणी काय करत असेल, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ‘नऊवारी साडी नेसणे’ टाइप करणारीच्या हातात साडी आहे. ‘शिवलेली नऊवारी कटिंग’ टाइप करणारीसमोर शिवणयंत्र आहे. ‘पेशवाई नऊवारी’ म्हणणारीला प्रकारांतला फरक माहीत आहे आणि तिला नेमका तोच हवा आहे. ‘छोट्या मुलीची नऊवारी’ हा तर चौथाच प्रश्न. नुसतं ‘नऊवारी साडी’ एवढंच लिहिलं असेल तर काहीच ठरवता येत नाही. ती ओळ आम्ही ‘मोघम’ म्हणून बाजूला ठेवली. तिच्यावरून निष्कर्ष काढायला जाऊ नका.

साधारण दीडशे ओळी होत्या, दोन तास लागले. मग नव्या टॅबमध्ये हा एक फॉर्म्युला टाकला. शीटचं नाव `Data` ठेवलं होतं आणि पहिल्या ओळीत कॉलमची नावं होती:

```
=QUERY(Data!A1:D, "select C, sum(D) where C is not null group by C pivot A", 1)
```

यातून आडव्या ओळीत गरजा, उभ्या कॉलममध्ये व्हिडिओ आणि चौकटीत व्ह्यूज असा तक्ता तयार होतो. ज्या ओळीत एकाहून जास्त चौकटींत मोठे आकडे दिसतात, ती ओळ संशयित. आमच्या तक्त्यात शिवलेली, पेशवाई आणि छोट्या मुलीची या ओळींत एकेकच मोठा आकडा होता. ‘नेसायला शिकणे’ या ओळीत मात्र तीन. तेच ते तीन व्हिडिओ:

2022 चा ‘नऊवारी साडी कशी नेसावी, संपूर्ण पद्धत’, चौदा मिनिटांचा. त्याला जुना म्हणतो.
मार्च 2024 चा ‘गुढीपाडवा स्पेशल, नऊवारी साडी कशी नेसायची’, नऊ मिनिटांचा. तो पाडव्याचा.
ऑगस्ट 2024 चा ‘5 मिनिटांत नऊवारी साडी नेसा’. तो झटपट.

बेरीज करताना तारखांची चूक

संशय खरा की खोटा हे ठरवायला सण ते सण तुलना हवी, आणि इथे बरेच जण चुकतात. स्टुडिओत ‘मार्च 2024 विरुद्ध मार्च 2025’ असं पाहिलंत तर उत्तर हमखास चुकीचं येईल. गुढीपाडवा 2023 मध्ये 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला आणि 2025 मध्ये 30 मार्चला. सर्चची सगळी भरती सणाआधीच्या तीन आठवड्यांत येते, त्यामुळे महिन्याने मोजाल तर एका वर्षी भरती मापात येते आणि दुसऱ्या वर्षी अर्धी बाहेर राहते.

आम्ही पाडव्याचा दिवस धरून मागचे 21 दिवस घेतले: 2023 साठी 2 ते 22 मार्च, 2024 साठी 20 मार्च ते 9 एप्रिल, 2025 साठी 10 ते 30 मार्च. `Custom` मधून तारखा घालता येतात. फक्त सर्चमधून आलेले व्ह्यूज घेतले.

2023 मध्ये जुना एकटाच होता: सुमारे 8,400.
2024 मध्ये जुन्याला 5,100 आणि पाडव्याच्या व्हिडिओला 2,300. मिळून 7,400.
2025 मध्ये जुन्याला 3,000, पाडव्याच्याला 1,200, झटपटला 1,900. मिळून 6,100.

म्हणजे एकाचे तीन व्हिडिओ झाले, मेहनत तिप्पट झाली, आणि एकूण बेरीज तेवीसशेंनी घटली. बेरीज वाढली असती तर जुना पडला तरी मी काही केलं नसतं. घर तेच, माणसं दुसऱ्या खोलीत बसली एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

तरी एक शंका उरतेच: लोकांनी शोधणंच कमी केलं असेल तर? त्यासाठी दोन गोष्टी पाहिल्या. एक, गुगल ट्रेंड्समध्ये वरच्या यादीतून `YouTube Search` निवडून महाराष्ट्रासाठी ‘नऊवारी साडी’चा आलेख. पाडव्याचे उंचवटे बसलेले नव्हते. दुसरी गोष्ट मला जास्त भरवशाची वाटते: आपल्याच चॅनलवरचा असा व्हिडिओ, ज्याचा सण तोच आहे पण ज्याला घरात स्पर्धक नाही. आमच्याकडे तो शिवलेल्या नऊवारीच्या कटिंगचा. त्याच तीन 21 दिवसांच्या खिडक्यांत त्याचे सर्चमधले व्ह्यूज 2,050, 2,200, 2,350 असे हळूहळू वाढत होते. सण तोच, चॅनल तेच, प्रेक्षकवर्गही बराचसा तोच. म्हणजे घट नेसण्याच्या ओळीपुरतीच होती.

यात बाहेरच्या नव्या चॅनलांचाही वाटा असणार. तो वेगळा काढता येत नाही. पण पुढच्या दोन खुणा आपल्या घराकडेच बोट दाखवतात.

इम्प्रेशन आणि सीटीआर एकत्र वाचा

जुन्या व्हिडिओच्या `Traffic source` तक्त्यात `YouTube search` च्या ओळीसमोर इम्प्रेशन आणि क्लिक-थ्रू रेट असतो. क्लिक-थ्रू रेट म्हणजेच सीटीआर, थंबनेल दिसल्यावर किती टक्के वेळा क्लिक झालं तो आकडा. थंबनेल किमान अर्धं, एका सेकंदाहून जास्त वेळ स्क्रीनवर दिसलं की एक इम्प्रेशन धरलं जातं. हे दोन आकडे सुटे सुटे पाहून काही कळत नाही, जोडीने पाहा.

इम्प्रेशन पडले पण सीटीआर तसाच राहिला, तर व्हिडिओ दिसल्यावर लोक अजूनही क्लिक करतायत, फक्त त्याला दाखवलं कमी जातंय. जागा गेलीय. इम्प्रेशन तेच पण सीटीआर पडला, तर शेजारी काहीतरी बसलंय जे क्लिक उचलतंय. ते शेजारचं तुमचंच थंबनेल असू शकतं.

आमच्या जुन्या व्हिडिओत दोन्ही झालं होतं, पण वेगवेगळ्या वेळी. पाडव्याचा व्हिडिओ टाकल्यावर पहिले दोन आठवडे इम्प्रेशन जवळपास तेच राहिले आणि सीटीआर घसरला. दोन्ही थंबनेलांवर तीच जांभळी नऊवारी, मावशी तशीच कमरेवर हात ठेवून उभी, अक्षरंही त्याच पिवळ्या रंगात. दोन्ही एकत्र दिसली तर नवं वाटणारं उघडणं स्वाभाविक आहे. त्यानंतर जुन्याचे इम्प्रेशन उतरायला लागले आणि सीटीआर पूर्ववत झाला. आधी क्लिक गेले, मग जागा गेली. हा क्रम दिसला की मला तरी फार शंका राहत नाही.

आता दुसरी खूण, सर्चमधून आलेले लोक सरासरी किती थांबले. जुन्यात 5 मिनिटं 40 सेकंद. पाडव्याच्या व्हिडिओत 2 मिनिटं 50 सेकंद. झटपटमध्ये 1 मिनिट 35 सेकंद. मी तिन्ही व्हिडिओ पुन्हा पाहिले, साडी हातात घेतलेल्या बाईच्या नजरेने. पाडव्याच्या व्हिडिओत पहिली पावणेदोन मिनिटं गिरगावच्या शोभायात्रेच्या आठवणी आहेत, ढोल-ताशे आहेत; कमरेची पहिली गाठ दुसऱ्या मिनिटानंतर येते. मावशीच्या नेहमीच्या प्रेक्षकांना ते फार आवडलं, कमेंट भरभरून आल्या. पण सर्चमधून आलेली बाई तोवर निघून गेली. झटपटमध्ये उलटं. काष्टा मागे कसा खोचायचा हे वीस सेकंदांत उरकलंय, कारण तो मुळात ज्यांना नेसता येतं त्यांच्यासाठी होता. टायटलमध्ये मात्र आम्ही तसं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा नेसणारी तिथे येऊन गोंधळायची.

आणखी एक साधी तपासणी आठवडाभर केली. इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, पाच ठरलेले शोध रोज टाकायचे आणि आपला कुठला व्हिडिओ कितव्या जागी आहे ते लिहायचं. स्वतःच्या अकाउंटमधून पाहू नका. तुम्ही काय पाहता त्यावरून निकाल बदलतात आणि आपलाच व्हिडिओ वर दिसून खोटं समाधान मिळतं. `nauvari saree kashi nesaychi` ला सोमवारी जुना सहावा, बुधवारी तो गायब आणि झटपट नववा, शुक्रवारी पुन्हा जुना आठवा. अशी अदलाबदल म्हणजे त्या शोधासाठी आपल्यातला कोण पुढे असावा हे पक्कं झालेलं नाही.

परत परत का होत होतं

याचं एक कारण माझ्या हातून झालं होतं. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये `Upload defaults` असतं. तिथे लिहिलेलं डिस्क्रिप्शन आणि टॅग प्रत्येक नव्या अपलोडला आपोआप लागतात. 2022 मध्ये जुना व्हिडिओ चालल्यावर त्याच्या डिस्क्रिप्शनची पहिली ओळ मी तिथे टाकून ठेवली होती: ‘नऊवारी साडी कशी नेसावी हे या व्हिडिओत सोप्या पद्धतीने पाहा’. पैठणीची घडी कशी ठेवावी या व्हिडिओखालीही तीच ओळ सापडली. `Content` पानावर फिल्टरमध्ये `Description` निवडून ती ओळ शोधली तर चाळीसहून जास्त व्हिडिओ निघाले. एकट्या या ओळीने सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही; टायटल आणि थंबनेलचा भार त्याहून मोठा आहे, आणि टॅगांचा तर यूट्यूबच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार फारच थोडा. पण ही ओळ काढणं फुकटचं काम आहे. पहिल्याच दिवशी काढली.

मोठं कारण सणाचं. सण आला की तेच टायटल सुचतं, फक्त पुढे ‘पाडवा स्पेशल’ किंवा ‘गौरी स्पेशल’ लागतं. शोधणारी मात्र ‘स्पेशल’ टाइप करत नाही. ते शब्द गळून पडतात आणि खाली उरतं ते जुनंच टायटल.

काय बदललं

आधी मुख्य व्हिडिओ ठरवला. इथे एकूण व्ह्यूज पाहून ठरवू नका. आमच्या पाडव्याच्या व्हिडिओचे पहिल्या महिन्यातले व्ह्यूज भरपूर होते, पण ते होमपेजवरून आणि सबस्क्राइबरांकडून आलेले. सर्चमधून आलेला माणूस ज्यात सर्वांत जास्त थांबतो, तो मुख्य. म्हणजे जुना. त्याच्या टायटलला आम्ही हात लावला नाही.

उरलेल्या दोघांना दुसरं काम द्यायचं होतं. हे काम त्या व्हिडिओत खरोखर असलं पाहिजे, नुसतं टायटल फिरवून चालत नाही. पाडव्याच्या व्हिडिओत मावशीने एक फार चांगली गोष्ट दाखवली होती, जी टायटलमध्ये कुठेच नव्हती: तीन तास चालायचं असेल किंवा बुलेट चालवायची असेल तर पिना कुठे लावायच्या आणि काष्टा किती ओढून खोचायचा. त्याचं टायटल झालं, ‘नऊवारी नेसून बाइक चालवताना काष्टा सुटू नये म्हणून पिना कुठे लावाव्यात’. थंबनेलवर मावशीचा पूर्ण फोटो काढून पिन लावणाऱ्या हाताचा जवळून घेतलेला फोटो लावला. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळी नव्याने लिहिल्या.

झटपटचं टायटल ‘निऱ्या आधी इस्त्री करून ठेवा, नऊवारी पटकन नेसा’ असं केलं. हे चुकलं. तीन आठवड्यांत सर्चमधून जवळपास कोणी आलं नाही, कारण असं कोणी टाइपच करत नाही. आमच्या आधीच्या यादीत तसा एकही शोध नव्हता, आणि मी तो तपासायला विसरलो होतो. मग यादीत परत गेलो. ‘नऊवारी साडीच्या निऱ्या’ आणि `nauvari saree pleats` असे थोडे पण नियमित शोध होते, आणि त्यांना आपला कुठलाच व्हिडिओ नीट उत्तर देत नव्हता. टायटल ‘नऊवारी साडीच्या निऱ्या एकसारख्या कशा घालाव्यात’ असं बदललं. हा रस्ता लागला.

दोन्ही व्हिडिओंच्या पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहिलं, ‘पहिल्यांदाच नेसत असाल तर संपूर्ण पद्धत इथे’, आणि जुन्याची लिंक दिली. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीतही तीच. एंड स्क्रीन शेवटच्या 5 ते 20 सेकंदांतच लावता येते आणि सर्चमधली माणसं तिथवर पोचत नाहीत, म्हणून तीवर विसंबलो नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटातच एक कार्ड लावलं. शॉर्ट्सही सर्चमध्ये येतात. नऊवारीच्या दोन शॉर्ट्सना `Related video` म्हणून जुना जोडला.

पेशवाईचा व्हिडिओ तसाच ठेवला. त्याच्या टायटलमध्येही ‘नऊवारी’ आणि ‘कशी नेसायची’ हे शब्द आहेत, पण तक्त्यात त्याची ओळ स्वच्छ होती.

डिलीट करण्याबद्दल बरेच जण विचारतात. वेबसाइटवर दोन पानं एक करून जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट वळवता येते. यूट्यूबवर ती सोय नाही. व्हिडिओ डिलीट केला की त्याची लिंक जिथे जिथे व्हॉट्सअ‍ॅपवर गेली आहे तिथे ती मेली. ‘अनलिस्टेड’ केला तर लिंक चालते आणि तो सर्चमधून बाहेर पडतो. दोन व्हिडिओ अगदी सारखेच असतील तर कमजोर असेल त्याला तसं करणं योग्य. पण कमाई सुरू करण्यासाठी 4,000 तासांचा टप्पा गाठायचा असेल तर आधी विचार करा, कारण डिलीट, प्रायव्हेट आणि अनलिस्टेड व्हिडिओंचे तास त्यात धरले जात नाहीत. आमच्यावर ती वेळ आली नाही.

हे सगळं मे 2025 मध्ये केलं, मुद्दाम सण नसताना. भरतीच्या आठवड्यात टायटल बदललं तर पुढे काय कशामुळे झालं ते कळत नाही. एका वेळी एकच व्हिडिओ बदलला आणि शीटमध्ये जुनं टायटल, नवं टायटल, तारीख लिहून ठेवली. उलटं फिरवायची वेळ आली तर ती ओळ लागते. निऱ्यांच्या बाबतीत लागलीच.

गणपतीला काय दिसलं

गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. पुन्हा 21 दिवसांच्या खिडक्या घेतल्या आणि ‘नेसायला शिकणे’ ही एकच ओळ पाहिली. 2024 मध्ये तिघांना मिळून 5,000 होते, त्यात जुन्याचे 2,700. 2025 मध्ये जुन्याला एकट्याला 4,600, उरलेल्या दोघांना मिळून साडेचारशे. बेरीज थोडीच वाढली, पण लोक योग्य दारात गेले. तिथे सर्चमधून आलेले सरासरी पावणेसहा मिनिटं थांबत होते, म्हणजे त्या ओळीतली एकूण मिनिटं बरीच वाढली. शिवाय निऱ्यांच्या ओळीत आठशेच्या आसपास व्ह्यूज नवे आले, जे आधी आमच्याकडे येतच नव्हते. पिनांच्या व्हिडिओला मात्र गणपतीत फारसं कोणी शोधलं नाही. त्याचा सण पाडवा आहे, त्याचा हिशोब तेव्हाच होईल.

इन्कॉग्निटोतली अदलाबदल जुलैपर्यंत थांबली होती. पाचपैकी चार शोधांना जुनाच दिसत होता, कधी चौथा, कधी पाचवा. `how to wear nauvari saree` ला आपण अजूनही कुठेच नाही. तिथे इंग्रजीत बोलणारी चॅनल आहेत आणि मावशी मराठीत शिकवते, हे मला मान्य आहे.

2026 चा पाडवा 19 मार्चला आहे. मावशीने दिवाळी संपताच विचारलं, “या वेळी नऊवारीचं काय करायचं?” आता शूटिंग ठरवण्याआधी आम्ही दोन गोष्टी करतो. चॅनलच्या पानावरच्या भिंगात तो विषय टाकून आपल्याकडे काय आहे ते पाहतो, आणि शीटमधला तक्ता उघडून ती गरज कुठल्या व्हिडिओच्या नावावर आहे ते बघतो. नेसायला शिकवण्याची ओळ भरलेली होती. मग मावशी जुन्या व्हिडिओच्या कमेंट वाचत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “हे बघ, किती बायका विचारतायत, गुडघे दुखतात, वाकता येत नाही, तर काष्टा कसा घालायचा.” तक्त्यात अशी ओळच नव्हती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो शूट करायचा आहे, खुर्ची ठेवून, आणि पहिली गाठ पंधराव्या सेकंदाला.